करपा वाटला, निघाला टुटा: टोमॅटोच्या प्लॉटमध्ये चालत घेतलेल्या व्हिडिओचं प्रकरण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमारास, नारायणगावजवळच्या एका शेतकऱ्याचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. दोन मिनिटं तेरा सेकंदांचा. खाली एकच ओळ होती: "सर, करपा आलाय, कोणतं औषध मारू?" प्लॉट एक एकराचा, लागवड होऊन पन्नास दिवस झालेले, तार-बांबूवर चढवलेला टोमॅटो. चार दिवसांपूर्वी वळवाची एक जोरदार सर येऊन गेली होती. पाऊस पडला, पानं तपकिरी दिसायला लागली, म्हणजे करपाच, असा त्यांचा हिशेब होता. खरं सांगायचं तर व्हिडिओ पहिल्यांदा पाहताना माझाही तोच झाला. खालच्या पानांवर तपकिरी डाग आणि भोवती पिवळसर कडा दिसत होती. बुरशीनाशकाचं नाव मी टाइपही केलं होतं.

हात थांबला तो एका गोष्टीमुळे. व्हिडिओ जसजसा पुढे जात होता तसतसे डाग कमी होत होते. पावसाने आलेला करपा एकाच प्लॉटमध्ये एका कडेला दाट आणि पन्नास पावलांवर जवळजवळ नाहीसा, असा सहसा येत नाही. पाऊस सगळ्या सऱ्यांवर सारखाच पडलेला असतो. मी फोन लावला आणि विचारलं, "दादा, व्हिडिओ कुठून चालू केलात?"

"रस्त्याकडून. त्या बाजूला पहिला प्लॉट होता ना, तो आता काढून टाकलाय."

"काढलेली झाडं कुठं आहेत?"

"बांधावर ढीग आहे."

टोमॅटोचा जुना ढीग बांधावर, आणि डाग त्याच बाजूला दाट. हे ऐकल्यावर त्या रात्री फवारणी करू नका, एवढंच सांगितलं आणि व्हिडिओ लॅपटॉपवर घेऊन नीट पाहायला बसलो.

त्या व्हिडिओत नेमकं काय दिसू शकत होतं, याचा हिशेब आधी केला, कारण नसलेली गोष्ट डोळ्यांना दिसते ती इथेच. व्हॉट्सॲपने व्हिडिओ दाबून ८४८ × ४८० ठिपक्यांचा केला होता. दादा सरीच्या मधून चालत होते, फोन छातीपाशी आडवा धरलेला, झाडाची भिंत साधारण एक मीटरवर. नेहमीच्या मोबाईल कॅमेऱ्यात एक मीटरवरून सव्वा ते दीड मीटर रुंदीची झाडं मावतात. ती रुंदी ८४८ ठिपक्यांत वाटली की एका ठिपक्याच्या वाट्याला दीड मिलिमीटर पान येतं. नागअळीची नागमोडी रेघ एक मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, म्हणजे ती एका ठिपक्यातच हरवते. आठ-दहा मिलिमीटरचा करप्याचा डाग पाच-सहा ठिपक्यांचा होतो. डाग आहे हे कळतं, पण त्याच्या आतली वलयं कळत नाहीत. आणि लवकर येणाऱ्या करप्याची खरी ओळख तर त्या वलयांतच असते, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशी एकात एक वर्तुळं.

त्यात चाल. दोन सऱ्या मिळून १२० मीटर अंतर १३३ सेकंदांत कापलं होतं, म्हणजे सेकंदाला नव्वद सेंटिमीटर. संध्याकाळी साडेसहाचा उजेड, त्यात सरीतली सावली. अशा वेळी मोबाईल एकेका चित्रासाठी सेकंदाचा शंभरावा भाग तरी कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवतो. तेवढ्यात फोन नऊ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे आठ मिलिमीटरचा गोल डाग चित्रात सतरा मिलिमीटरचा लांबट पट्टा होऊन उतरतो. व्हिडिओ थांबवून पाहिला तर सगळेच डाग आडवे ताणलेले होते. त्यांच्या आकारावरून काही ठरवणं व्यर्थ होतं. जी पिवळी कडा पाहून मी करपा म्हणालो होतो, तीसुद्धा बरीचशी मावळतीच्या उन्हाची होती. त्या वेळी हिरवं पानही कडेला पिवळं दिसतं. पक्की खूण अशी की पानांबरोबर बांबूही पिवळे दिसत होते आणि ड्रिपच्या काळ्या नळीवर सोनेरी झाक होती. चित्रातल्या ज्या वस्तूचा रंग आपल्याला माहीत आहे तिच्यावरून बाकीचे रंग ताडून पाहायचे, ही सवय तेव्हापासून लागली.

मग त्या व्हिडिओतून उरलं काय? दोनच गोष्टी, आणि त्या पक्क्या होत्या. डाग प्लॉटच्या कोणत्या बाजूला दाट आहेत, आणि झाडाच्या कोणत्या उंचीवर आहेत. रस्त्याकडच्या बाजूला ते खालच्या पानांवर होते तसे मधल्या आणि वरच्या कोवळ्या पानांवरही होते. लवकर येणारा करपा जुन्या, खालच्या पानांपासून वर चढतो. खालचा मजला बराचसा हिरवा ठेवून तो शेंड्याजवळ जात नाही. डाग काय आहे हे चालता व्हिडिओ सांगत नव्हता. तो कुठे आहे हे मात्र त्याने दहा क्लोज-अप फोटोंपेक्षा चांगलं सांगितलं, कारण फोटो काढणारा माणूस नेमकं सगळ्यात वाईट पानच शोधून पाठवतो.

मनात आता दोन उमेदवार होते. टुटा, म्हणजे टुटा अबसोल्युटा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला लहानसा पतंग. भारतात तो २०१४ साली पहिल्यांदा महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर नोंदला गेला. त्याची अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधला गर खाते आणि दोन्ही पापुद्रे तसेच सोडते. त्यामुळे आधी फिकट, पाण्याचा फोड आल्यासारखा चट्टा दिसतो. चार-सहा दिवसांत तो वाळून तपकिरी होतो. वाळलेला चट्टा लांबून हुबेहूब करप्यासारखा दिसतो, आणि तिथेच औषधाची चूक होते. दुसरी आपली ओळखीची नागअळी. तिची माशी असते. तिच्या अळीची वाट नागमोडी आणि पुढे रुंद होत जाणारी असते, विष्ठेची काळी रेघ त्या वाटेतच उमटलेली असते. टुटाचा चट्टा पसरट असतो आणि काळी विष्ठा त्यात एखाद्या कोपऱ्यात साचलेली दिसते. नागअळी फळाला हात लावत नाही, टुटा लावतो. म्हणून या दोघांतला फरक नुसता पुस्तकी नाही.

दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओसाठी दादांना फोनवर सगळं समजावलं. सकाळी आठला घ्यायचा, सूर्य वर आलेला पण ऊन पानावर चकाकणार नाही अशा वेळी. व्हिडिओ १०८०चा ठेवायचा आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबला जात नाही. फोन झाडापासून हातभर, साधारण ४५ सेंटिमीटरवर. जाताना गुडघ्याच्या उंचीवरून खालची पानं, येताना खांद्याच्या उंचीवरून वरची. सुरू करण्याआधी पानावर बोट दाबून फोकस पक्का करायचा. नाहीतर कॅमेरा पानांच्या फटीतून पलीकडच्या सरीवर फोकस नेतो, आणि पुढची पाच-सहा सेकंदं सगळंच धूसर येतं. आणि प्रत्येक सरीच्या सुरुवातीला तोंडाने सरीचा नंबर सांगायचा. हे शेवटचं अनेकांना फालतू वाटतं, पण आठ फाइली आल्यावर कोणती कुठली हे आवाजावरूनच कळतं.

एकरात ४४ सऱ्या होत्या, प्रत्येक साठ मीटरची. सगळ्या चालण्याची गरज नव्हती. ढिगाच्या बाजूची दुसरी, मग बारावी, पंचविसावी आणि चाळिसावी, अशा चारच सांगितल्या. मला ढिगापासून अंतर वाढत गेलं की काय होतं ते पाहायचं होतं. अगदी पहिली सरी मुद्दाम टाळली. कडेच्या सरीवर रस्त्याची धूळ असते आणि ऊन-वाराही वेगळा लागतो. डोळ्यांना तिथे नसलेले रोग दिसतात.

सकाळी फाइली आल्या तेव्हा पहिल्या सेकंदालाच लक्षात आलं की चालणारं माणूस वेगळं आहे. "सरी नंबर दोन, खालून," असा बाईचा आवाज. दादांची आई होती. दादा बाजारात गेले होते म्हणून फोन त्यांनी घेतला होता. त्यांची चाल खुरपणीची, एक पाऊल टाकून थांबायचं, मग दुसरं. साठ मीटरला साडेतीन मिनिटं लागली होती, म्हणजे सेकंदाला तीस सेंटिमीटरच्या आतच. यापेक्षा चांगली चाल मी कुणाला शिकवू शकलो नसतो. ४५ सेंटिमीटरवरून चित्राची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आत येते. ती १९२० ठिपक्यांत वाटली की एका ठिपक्याला ०.३ मिलिमीटर. नागअळीची एक मिलिमीटरची वाट आता तीन-चार ठिपक्यांची झाली. सकाळच्या उजेडात पडदा सेकंदाच्या अडीचशेव्या भागाएवढाच उघडा राहिला असेल, तर सरकण जेमतेम एक मिलिमीटरची. पाऊल टेकून त्या थांबत तिथे तर चित्र स्थिर.

बघायची पद्धत साधी ठेवली. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावायचा, संशय आला की थांबवून `e` दाबत एकेक चित्र पुढे न्यायचं. जिथे खात्री हवी तिथे त्या चार सेकंदांची चित्रं वेगळी काढायची:

```
ffmpeg -ss 72 -t 4 -i sari02_khalun.mp4 -vf fps=10 -q:v 2 s02_%03d.jpg
```

यातून ७२व्या सेकंदापासून चाळीस चित्रं मिळतात. त्यांतलं सगळ्यात स्पष्ट चित्र शोधायला फोल्डरमधल्या फाइली आकारानुसार लावायच्या. सगळी चित्रं एकाच दर्जाने साठवलेली असल्यामुळे ज्यात बारीक तपशील जास्त त्याची फाइल मोठी होते आणि धूसर चित्राची लहान. सरीत पुढे-मागे फार फरक नसेल तेव्हा ही युक्ती छान चालते. झाडांच्या मधून मागचा डोंगर किंवा गवत दिसायला लागलं की मात्र फसवते, कारण गवताच्या काड्यांनीही फाइल फुगते.

मोजायचं काय, यात मी पूर्वी चुकलो होतो. डाग मोजायला गेलो तर एकच पान तीन-चार चित्रांत येतं, एका डागाचे चार होतात. पान मोजावं तर पानामागचं पान दिसत नाही. इथे बांबू मदतीला आले. दोन बांबूंमधलं अंतर सहा फूट, त्यात चार झाडं. बांबू ते बांबू हा एक टप्पा धरला. टप्प्यात एकही पसरट चट्टा दिसला तरी तो टप्पा लागलेला, एवढीच नोंद. किती डाग आहेत हे विचारायचंच नाही. प्रत्येक सरीत ३३ टप्पे होते.

दुसऱ्या सरीत ३३ पैकी २१ टप्प्यांत पसरट चट्टे निघाले. बाराव्या सरीत ९, पंचविसाव्यात ४, चाळिसाव्यात २. हे वरच्या-मधल्या पानांचं. खालच्या पानांवरचे गोल, वलयांचे डाग वेगळे मोजले, कारण तेही होतेच: ६, ७, ५ आणि ८. चारही सऱ्यांत जवळजवळ सारखे. म्हणजे दादा पूर्ण चुकले नव्हते. करपा होता, पण थोडा, सगळीकडे सारखा आणि खालच्या पानांपुरता. नजरेत भरणारं नुकसान दुसऱ्याच गोष्टीचं होतं, आणि ती गोष्ट ढिगाकडून येत होती.

वाळलेल्या चट्ट्यांपैकी बऱ्याच ठिकाणी व्हिडिओवरून मी अजूनही अडलो होतो. पूर्ण वाळलेलं पान बुरशीने वाळलं की अळीने, हे समोरून पडलेल्या उजेडात दिसत नाही. उत्तर अनपेक्षितपणे एका वळणावर मिळालं. सरी संपल्यावर आई मागे वळल्या तेव्हा कॅमेरा काही क्षण सूर्याकडे झाला आणि शेवटच्या झाडाची पानं पाठीमागून उजळली. त्यातल्या एका पानावरचा तपकिरी चट्टा कागदी कंदिलासारखा पारदर्शक झाला, आणि आत एका कडेला काळ्या कणांचा पुंजका स्पष्ट दिसला. बुरशीच्या डागात पानाचा गर मरतो, पण जागेवरच असतो. उजेडासमोर तो गडद राहतो. अळीने गर खाल्लेला असला की दोन पापुद्र्यांतून उजेड आरपार येतो. आईंना लगेच फोन केला. म्हटलं, "आई, आता प्रत्येक पाचव्या बांबूपाशी थांबा, डाग असलेलं एक पान हातात धरा, सूर्याकडे करून तीन सेकंद दाखवा."

"म्हणजे अंड्यात जीव आहे का बघतात तसं?" त्यांनी विचारलं. अगदी तसंच. कोंबडीची अंडी दिव्यासमोर धरून पाहणाऱ्याला ही गोष्ट दुसऱ्यांदा समजवावी लागत नाही.

सरी दोनमध्ये असे सहा थांबे झाले. सहापैकी पाच पानं आरपार उजळली, एक गडद राहिलं. त्या एका पानावर वलयंही होती, तो करपा. पाचपैकी एका पानात अळी आत हलताना दिसली.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः प्लॉटवर गेलो. निदानाची खात्री बऱ्यापैकी झाली होती. मला व्हिडिओचं माप हाताने तपासायचं होतं. चार सऱ्यांतले वीस टप्पे चिठ्ठ्या टाकून निवडले आणि पानं उलटीपालटी करून पाहिले. व्हिडिओवरून मी या विसांपैकी आठ टप्पे लागलेले धरले होते. त्यातले सात खरे निघाले. आठव्यातला चट्टा म्हणजे तारेला घासून फाटलेलं, वाळलेलं पान होतं. बाकीच्या बारा टप्प्यांपैकी तिनांत टुटा होता आणि मला तो दिसला नव्हता. दोन ठिकाणी चट्टे झाडाच्या आतल्या, झाकलेल्या पानांवर होते. तिसऱ्या ठिकाणी चट्टा ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान आणि अजून हिरवटच होता. तो मी व्हिडिओत पुन्हा शोधला, पाहिला, आणि तरीही पानावरची चकाकी म्हणून सोडून दिला असता. म्हणजे दहा खऱ्या टप्प्यांपैकी सात सापडले. व्हिडिओ कमी मोजतो, आणि सगळ्यात कमी मोजतो तो नुकतीच सुरू झालेली कीड. चाळिसाव्या सरीतले "२" म्हणून मी दादांना "तीन-चार तरी असतील" असे सांगितले.

आणखी एक फसगत तिथेच कळली. वळवाच्या पावसाने मल्चिंगच्या भोकांतून उडालेली माती खालच्या पानांवर सुकली होती. व्हिडिओत ती करप्याच्या बारीक डागांसारखी दिसते. फरक इतकाच की मातीचा शिंतोडा पानाच्या शिरेला जुमानत नाही, शिरेवरूनच पडलेला असतो, आणि त्याच्याभोवती पान पिवळं पडत नाही. गुडघ्याच्या उंचीवरचे करप्याचे जे आकडे मी मोजले होते त्यातले निदान दोन टप्पे नुसत्या मातीचे निघाले.

पानाची खालची बाजू या सगळ्यात कुठेच आलेली नव्हती. पांढरी माशी, लाल कोळी, अंडी, यांच्याबद्दल चालता व्हिडिओ मुका आहे. आई थांबून पान उलटं करत तिथे दोन ठिकाणी पांढरी माशी दिसली, तेवढीच.

पुढचं काम दादांनी वेगाने केलं. बांधावरचा ढीग आधी काढला. उघडा ढीग म्हणजे आतल्या कोषांतून पतंग रोज बाहेर पडणार, म्हणून तो खड्ड्यात टाकून वर फूटभर माती दाबली. पहिल्या पंधरा सऱ्यांतली चट्टे असलेली पानं खुडून पिशवीत भरली, सरीत टाकली नाहीत. टुटाच्या ल्युअरचे कामगंध सापळे लावले, पाण्याच्या पसरट ट्रेचे, त्यात धुण्याच्या साबणाचे दोन थेंब. फवारणी झाली, पण संध्याकाळी, टोमॅटो आणि ही कीड दोन्ही लेबलवर असलेल्या कीटकनाशकाची, आणि तोड्यापर्यंतचे दिवस मोजून. पुढच्या फवारणीला वेगळ्या गटाचं औषध ठेवायला सांगितलं, कारण एकाच गटाची औषधं सतत मारलेल्या भागांत टुटाने त्यांना दाद देणं बंद केल्याचं ब्राझील आणि युरोपात दिसलेलं आहे. करप्यासाठी खालची डागाळलेली पानं काढून सरीत हवा खेळती केली आणि एक साधं स्पर्शजन्य बुरशीनाशक पुरलं. पहिल्या रात्री मी टाइप केलेलं महागडं मिश्रण लागलंच नाही.

बारा दिवसांनी आईंनी त्याच चार सऱ्या, त्याच वेळी, त्याच चालीने पुन्हा चालून दाखवल्या. या वेळी जुने वाळलेले चट्टे मोजणीत येणार होते, म्हणून फक्त फिकट, हिरवट, ताजे चट्टे असलेले टप्पेच मोजले. दुसऱ्या सरीत ६, बाराव्यात ३, पंचविसाव्यात २. चाळिसाव्यात मात्र ५. पहिल्या वेळेपेक्षा जास्त. व्हिडिओ थांबवून पाहिलं तर ते पाचही टप्पे सरीच्या दूरच्या टोकाला, एकाला एक लागून होते. दादांना फोन केला, तर त्या टोकाच्या पलीकडे शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात आपला टोमॅटो काढला होता. झाडं अजून वाफ्यातच पडून होती. दादा त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले.